ईमेलवर ठरलेला व्यवहार केव्हा बांधून घेतो: नव्या व्यावसायिकासाठी मार्गदर्शक

व्यापारात नव्याने उतरलेल्या अनेकांची अशी समजूत असते की, मुद्रांकावर सही झाल्याखेरीज करार होत नाही आणि तोपर्यंत ईमेलवर जे लिहिले ते नुसते बोलणे. ही समजूत महागात पडू शकते. भारतीय करार कायदा, १८७२ याने बहुतेक व्यापारी करारांसाठी सही तर सोडाच, लेखी स्वरूपाचीही अट घातलेली नाही. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, दोघेही करार करण्यास सक्षम असावेत, मोबदला असावा आणि हेतू कायदेशीर असावा, एवढे झाले की करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यामध्ये नंतरच्या दुरुस्तीने कलम १०अ आले आणि ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. प्रस्ताव किंवा स्वीकृती इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवली, एवढ्याच कारणावरून करार अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे ईमेल हा करार करण्याचा वेगळा प्रकार नसून, जुन्याच नियमांनी चालणारा निरोप आहे.

पुढच्या पायऱ्या समजण्यासाठी एक काल्पनिक व्यवहार डोळ्यांसमोर ठेवू. तासगावचा एक बेदाणा व्यापारी नागपूरच्या सुकामेवा विक्रेत्याला सोमवारी सकाळी ईमेल करतो: ४ टन हिरवा बेदाणा, किलोला २१० रुपये, जीएसटी वेगळा, माल तासगावच्या गोदामातून उचलायचा, पैसे ३० दिवसांत, उत्तर बुधवारी सायंकाळी ५ पर्यंत. नागपूरहून मंगळवारी उत्तर येते: "दर व माल मान्य, मात्र पैसे ४५ दिवसांत देऊ." तासगावकर त्याच दुपारी लिहितो: "४५ दिवसांना हरकत नाही. शुक्रवारी गाडी पाठवा." त्यावर नागपूरचा विक्रेता कळवतो की, रीतसर करारपत्र तयार करून सहीसाठी पाठवतो. गुरुवारी बाजार उतरतो, दर १९० वर येतो आणि नागपूरहून निरोप येतो की, करारपत्रावर सही झालेली नसल्याने व्यवहार झालाच नाही.

पहिली पायरी: प्रस्ताव कोणता आणि स्वीकृती कोणती, हे ओळखा

ईमेलची सगळी साखळी तारीख आणि वेळेनुसार लावून घ्या आणि प्रत्येक ईमेलसमोर तो प्रस्ताव आहे, चौकशी आहे, प्रतिप्रस्ताव आहे की स्वीकृती, हे लिहा. करार कायद्याच्या कलम ७ नुसार स्वीकृती निरपवाद आणि बिनशर्त असावी लागते. नागपूरकराचे मंगळवारचे उत्तर "मान्य" या शब्दाने सुरू होत असले तरी त्याने पैशांची मुदत बदलली. म्हणून ती स्वीकृती नव्हे, प्रतिप्रस्ताव आहे, आणि त्यासरशी तासगावकराचा मूळ प्रस्ताव संपला. तासगावकराने ४५ दिवसांना होकार दिला, ती खरी स्वीकृती. करार त्या ईमेलने झाला आणि प्रस्तावक नागपूरकर ठरला. भूमिकांची ही अदलाबदल लक्षात न घेतल्यामुळे पुढे पुष्कळ गोंधळ होतात, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

तासगावकराने ४५ दिवसांच्या ईमेलला काहीच उत्तर दिले नसते तर? मौन ही सामान्यतः स्वीकृती नव्हे. "दोन दिवसांत न कळवल्यास मान्य समजू" असे एकतर्फी लिहून समोरच्याला बांधता येत नाही. मात्र उत्तर न देता त्याने माल गाडीत भरून पाठवला असता, तर कलम ८ नुसार त्या कृतीलाच स्वीकृती मानता आले असते.

आता सहीचा मुद्दा. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या २०१० च्या निकालात दिले आहे. दुबईच्या ट्रायमेक्सने १५ ऑक्टोबर २००७ रोजी बॉक्साइट पुरवठ्याचा प्रस्ताव ईमेलने पाठवला, वेदांताने दुसऱ्या दिवशी पाच जहाजांच्या मालासाठी तो ईमेलनेच स्वीकारला आणि सविस्तर करारपत्राचे मसुदे मात्र नंतर येत-जात राहिले. पुढे वाद झाल्यावर, करारपत्रावर सह्या नसल्याने करार पूर्ण झालेला नाही, असा बचाव वेदांताने घेतला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. किंमत, माल, परिमाण, पैसे देण्याची रीत अशा मूलभूत बाबींवर एकमत झालेले असेल, तर नंतर रीतसर कागद करायचा होता एवढ्यावरून झालेला करार पुसला जात नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पण याची दुसरी बाजूही आहे. रिकमर्स विरुद्ध इंडियन ऑइल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्रव्यवहार तपासून, पक्षांचे मूलभूत बाबींवर एकमत झालेले नाही, तेव्हा करारही झालेला नाही, असे ठरवले. म्हणून साखळी वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या माल पाठवण्यासाठी किंवा काम सुरू करण्यासाठी आणखी काही ठरायचे शिल्लक आहे काय? बेदाण्याच्या व्यवहारात प्रत, वजन, दर, उचलण्याचे ठिकाण आणि मुदत सगळे ठरलेले आहे. करारपत्र ही पुढची औपचारिकता होती. त्यामुळे नागपूरकराची बाजू लंगडी आहे.

तुम्हाला खरोखरच सहीपर्यंत मोकळे राहायचे असेल, तर ते पहिल्याच ईमेलमध्ये लिहा: "हा पत्रव्यवहार केवळ बोलणीपुरता असून, दोन्ही पक्षांनी करारपत्रावर सही केल्यानंतरच कोणताही पक्ष बांधील होईल." हे वाक्य मजकुरात, स्पष्टपणे आणि व्यवहार ठरण्यापूर्वी हवे. ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत आपोआप उमटणाऱ्या सूचनेवर विसंबू नये. वर "पक्के, गाडी पाठवतो" असे लिहून खाली यंत्राने चिकटवलेल्या ओळीने त्यातून सुटका होईल, ही अपेक्षा फार भाबडी आहे.

दुसरी पायरी: तो ईमेल कोणाचा मानायचा, हे तपासा

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ११ नुसार ईमेल प्रेषकाचा मानला जातो तो तीन प्रसंगी: त्याने स्वतः पाठवला, त्याच्या वतीने वागण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने पाठवला, किंवा त्याने लावून ठेवलेल्या प्रणालीने आपोआप पाठवला. तिसऱ्या प्रकारामुळे, वेबसाइटवरून मध्यरात्री माणसाचा हात न लागता गेलेली ऑर्डरची पुष्टीही दुकानदाराला बांधू शकते.

खरी अडचण दुसऱ्या प्रकारात येते. नागपूरच्या दुकानातील खरेदी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने ईमेल केला असेल, तर मालक म्हणेल की त्याला तो अधिकार नव्हता. अशा वेळी मागील व्यवहार महत्त्वाचे ठरतात. त्याच कर्मचाऱ्याच्या ईमेलवर मालकाने याआधी माल उचलला असेल आणि पैसे दिले असतील, तर त्याला अधिकार आहे असे भासू दिल्याची जबाबदारी मालकावर येते. पहिलाच व्यवहार असेल तर मात्र सरळ विचारून घ्या की, अंतिम होकार कोण देणार आणि कोणत्या पत्त्यावरून.

पुराव्याच्या कायद्याची मर्यादाही येथे ध्यानात ठेवावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम ९० नुसार न्यायालय असे गृहीत धरू शकते की, पोहोचलेला ईमेल हा प्रेषकाच्या यंत्रात भरलेल्या मजकुराशी जुळतो, पण तो नेमक्या कोणत्या व्यक्तीने पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरता येत नाही. नाव टाइप केलेले आहे म्हणून माणूस सिद्ध होत नाही. त्याच्याच पत्त्यावरून पूर्वी आलेले ईमेल, त्यानंतर त्याने फोनवर वा कृतीने दिलेला दुजोरा, त्याने पाठवलेली गाडी, या गोष्टींनी तो सिद्ध करावा लागतो. बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

तिसरी पायरी: करार केव्हा आणि कोठे झाला, हे ठरवा

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ नुसार ईमेल प्रेषकाच्या ताब्याबाहेरच्या प्रणालीत शिरला की पाठवला गेला असे मानतात. समोरच्याने विशिष्ट पत्ता नेमून दिला असेल, तर त्या पत्त्याच्या प्रणालीत शिरताच तो मिळाला असे मानतात. त्याने वाचला की नाही, हा प्रश्न उरत नाही. कलमाचे शब्द पाहता, तेथे तो स्पॅममध्ये जाऊन पडला तरी प्रणालीत शिरलेलाच असतो. पण पत्ता नेमलेला असताना तुम्ही ईमेल त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला, तर तो त्याने उघडून पाहीपर्यंत मिळाला असे धरत नाहीत. म्हणून प्रस्तावातच लिहावे: "स्वीकृती या पत्त्यावर, अमुक तारखेच्या सायंकाळी ५ पूर्वी पोहोचावी."

सर्वर कोठे आहे याला महत्त्व नाही. व्यवसायाचे ठिकाण तेच पाठवण्याचे आणि मिळण्याचे ठिकाण. कोणत्या गावी दावा चालेल हे यावरून ठरू शकते, आणि या बाबतीतला पायाभूत निकाल योगायोगाने विदर्भातील पक्षकाराचाच आहे. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या १९६५ च्या निकालात खामगावची गिरणी आणि अहमदाबादचा व्यापारी यांनी सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर केला होता. प्रस्ताव अहमदाबादहून गेला, होकार खामगावहून आला. पत्र टाकताच स्वीकृती पूर्ण होते हा टपालाचा नियम फोनला लागत नाही, होकार जेथे ऐकू आला तेथे करार झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले आणि अहमदाबादला दावा चालू शकला. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाने पी. आर. ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या प्रकरणात, ईमेलने आलेली स्वीकृती जेथे मिळाली तेथे करार झाला, हेच सूत्र लावले.

आपल्या उदाहरणात प्रस्तावक शेवटी नागपूरकर ठरला होता. तासगावकराचा होकार नागपूरला मिळाला, म्हणून करार नागपूरला झाला. तासगावकराला हे खटकेल. पण माल तासगावच्या गोदामातून द्यायचा होता, म्हणजे कराराच्या पालनाचा काही भाग तेथील होता, आणि दाव्याचे कारण अंशतः जेथे घडते तेथेही दावा लावता येतो. तासगाव ज्या न्यायालयाच्या हद्दीत येते तेथे जाण्याचा मार्ग त्याला त्यामुळे उरतो. "वाद झाल्यास सांगली येथील न्यायालयांनाच अधिकार राहील" असे एक वाक्य पहिल्या ईमेलमध्ये घालून समोरच्याची मान्यता घेतली असती, तर हा काथ्याकूट बहुतेक टळला असता.

प्रस्ताव मागे घेण्याबाबत एक बारकावा आहे. बुधवारपर्यंत मुदत दिली म्हणजे बुधवारपर्यंत थांबलेच पाहिजे, असे नाही. त्या मुदतीसाठी वेगळा मोबदला घेतलेला नसेल, तर समोरच्याचा होकार निघण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. मात्र माघारीचा ईमेल होकारानंतर पोहोचला, तर त्याचा उपयोग नाही.

चौथी पायरी: ईमेलवर न भागणारे दस्त वेगळे काढा

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील दस्तांना हा कायदाच लागू नाही. मृत्युपत्र आणि विश्वस्त दस्त त्यात आहेत. मुखत्यारपत्र आणि धनादेशाखेरीज इतर परक्राम्य संलेख, म्हणजे वचनचिठ्ठी किंवा हुंडीसारखे एकाकडून दुसऱ्याकडे देता येणारे पैशांचे दस्त, हेही आहेत, पण २०२२ च्या दुरुस्तीने नियामकांच्या देखरेखीखालील बँकांसारख्या संस्थांच्या नावे होणारे काही प्रकार त्यातून वगळले गेले. त्याच दुरुस्तीने स्थावर मालमत्तेच्या विक्रीची नोंद अनुसूचीतून काढून टाकली. याचा अर्थ ईमेलवर फ्लॅटची मालकी मिळते, असा मुळीच नाही, कारण नोंदणीचा कायदा जागच्या जागी आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करारही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो.

मुद्रांकाबद्दल "ऑनलाइन आहे, मुद्रांक नको" असे सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात दस्तऐवजाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक अभिलेखही येतो. शुल्क न भरल्याने करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून वाचला जात नाही. पूर्वी १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या बऱ्याच प्रकारच्या करारांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये लागतात.

पाचवी पायरी: डिजिटल सही केव्हा करायची आणि कशी तपासायची

ईमेलखाली टाइप केलेले नाव, कागदावरील सहीचा फोटो काढून चिकटवलेले चित्र आणि डिजिटल सही या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्ही संमतीचा पुरावा होऊ शकतात, पण कायद्याने सहीला जे विशेष गृहीतक दिले आहे ते त्यांना मिळत नाही. डिजिटल सही करताना सॉफ्टवेअर मजकुरावरून एक ठसा, म्हणजे हॅश, काढते आणि तो सही करणाऱ्याच्या खाजगी कीने कुलूपबंद करते. नंतर मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाही. सही कोणाची, हे सरकारी नियंत्रकाने परवाना दिलेल्या प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र सांगते. अशी सही दोन मार्गांनी होते: यूएसबी टोकनमधील प्रमाणपत्राने, किंवा आधारवरील ओटीपी वा बायोमेट्रिक ओळखीने होणाऱ्या ई-साइनने. ४ टन बेदाण्याला तिची गरज नाही. वर्षभराचा पुरवठा, भागीदारी, मोठे कर्ज किंवा परगावचा अनोळखी पक्ष असेल, तर ती जरूर करावी.

मिळालेली सही तपासण्यासाठी पीडीएफ संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, सहीवर क्लिक करून Signature Properties पाहा. मजकूर सहीनंतर बदललेला नाही, प्रमाणपत्रावरील नाव अपेक्षित व्यक्तीचेच आहे आणि सही केली त्या दिवशी प्रमाणपत्राची मुदत चालू होती, या तीन गोष्टी पाहायच्या. पिवळे प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे सही बनावट, असे नव्हे. बहुधा तुमच्या संगणकाने भारतीय मूळ प्रमाणपत्रावर अजून विश्वास नोंदवलेला नसतो; नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र, CCA India, विश्वसनीय यादीत घालून पुन्हा तपासावे. सही असलेली पीडीएफ छापून स्कॅन केली, किंवा आकार कमी करणाऱ्या वेबसाइटवरून काढली, तर उरते ते केवळ चित्र. मूळ फाइल जशी आली तशीच जपा.

टोकन दुसऱ्याच्या हाती देण्याची आपल्याकडची सवय मला सर्वांत धोकादायक वाटते. कर सल्लागाराच्या खणात दहा-बारा ग्राहकांची टोकने आणि प्रत्येकावर पासवर्डची चिठ्ठी, हे दृश्य अपवादात्मक नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार खाजगी की सांभाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे आणि ती इतरांच्या हाती गेल्याचे तो प्रमाणन संस्थेला कळवीपर्यंत जबाबदारी त्याच्यावरच राहते. "सही मी केलीच नव्हती" हे म्हणणे मग फार जड जाते.

सहावी पायरी: वाद होण्याआधी पुरावा जपून ठेवा

न्यायालयात ईमेलची छापील प्रत द्यायची असेल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या कायद्यातील अशा प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, ठामपणे सांगितली: मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तरच त्यातून सुटका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यांत फाइलचा हॅश नोंदवावा लागतो.

म्हणून स्क्रीनशॉटवर थांबू नका. जीमेलमध्ये संबंधित ईमेल उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतून Show original निवडा, तेथे DKIM, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने ईमेलवर केलेली आपोआप सही, हिच्यासमोर PASS आहे का ते पाहा आणि Download original ने .eml फाइल उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये ईमेल कोणकोणत्या सर्वरमधून, किती वाजता आला, याची नोंद असते. विंडोजवर तिचा हॅश असा काढता येतो:

```
certutil -hashfile bedana.eml SHA256
```

आलेला आकडा तारखेसह लिहून ठेवा, फाइल पुन्हा कधीही बदलू नका आणि मूळ ईमेलही मेलबॉक्समधून काढू नका. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद करण्याआधी त्यातील व्यवहाराचे ईमेल अशाच रीतीने उतरवून घ्यावेत. बहुतेक पुरावा येथेच हरवतो.

बेदाण्याच्या प्रकरणात तासगावकराने आता काय करावे? त्याच ईमेल साखळीत उत्तर देऊन करार झालेला असल्याचे, शुक्रवारी माल तयार असल्याचे आणि गाडी न आल्यास तो बाजारभावाने विकून फरक मागणार असल्याचे कळवावे. नंतर माल खरोखरच १९० ला विकला गेला, तर करार कायद्याच्या कलम ७३ नुसार त्याची मागणी किलोमागे २० रुपये, म्हणजे ४,००० किलोंवर ८०,००० रुपये होईल. विक्रीचे बिल त्या मागणीचा पुरावा असेल. आणखी भाव पडण्याची वाट पाहत माल गोदामात अडवून ठेवला, तर वाढलेले नुकसान त्याला मागता येणार नाही, कारण टाळता येण्याजोगे नुकसान भरून मिळत नाही. नागपूरकरानेही उत्तर लिहिण्यापूर्वी वकिलाला दाखवावे: "सध्या अडचण आहे, पुढच्या महिन्यात माल उचलतो" असा घाईतला एक ईमेल, करार झालाच नव्हता हा त्याचा बचाव त्याच्याच शब्दांनी संपवून टाकेल.